बिलासखानी तोडीला गटाबाहेर काढणाऱ्यांना : संगीत परीक्षांच्या अभ्यासक्रम समितीस खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

आपल्या गेल्या सत्राच्या लेखी परीक्षेत एक प्रश्न होता. ‘गटात न बसणारा राग ओळखा : मियाँ की तोडी, गुर्जरी तोडी, मुलतानी, बिलासखानी तोडी.’ माझ्या विद्यार्थिनीने ‘मुलतानी’ असं उत्तर लिहिलं. आपल्या उत्तरसूचीत ‘बिलासखानी तोडी’ आहे, म्हणून तिला शून्य मिळालं. मी फेरतपासणीचा अर्ज केला आणि सोबत दोन पानांचं स्पष्टीकरण जोडलं. उत्तर एका ओळीचं आलं : अभ्यासक्रमात दिलेल्या थाटानुसार मूळ उत्तर योग्य आहे.

प्रश्न एका गुणाचा होता आणि त्या गुणासाठी मी हे लिहीत नाही. पण त्यानंतर महिन्याभरातच आपलं परिपत्रक आलं. पुढच्या सत्रापासून लेखी परीक्षेत असे वस्तुनिष्ठ प्रश्न वाढणार आहेत, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येक रागाची माहिती सांगताना सुरुवात थाटाच्या नावाने करायची आहे. तेव्हा मात्र गप्प बसणं जमेना. मी बावीस वर्षं गाणं शिकवते आहे. माझ्याकडची मुलं आपल्याच परीक्षांना बसतात आणि आपण ठरवलेल्या क्रमानेच त्यांचा रागाशी परिचय होतो. तो क्रम रागापासून दूर नेणारा असेल, तर त्याचे परिणाम मला रोज वर्गात ऐकू येतात. हे पत्र आपल्याला आहे, पण गाणं शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

आधी तो प्रश्नच नीट पाहू.

तोडी थाटाचे स्वर म्हणजे रे, ग, ध कोमल, म तीव्र आणि नी शुद्ध. मुलतानीत हेच सात स्वर लागतात. बिलासखानीत मात्र मध्यम शुद्ध आहे आणि निषाद कोमल, म्हणजे स्वर भैरवी थाटाचे. कागदावर हिशेब चोख आहे. तीन राग तोडी थाटाचे, एक भैरवी थाटाचा, सबब बिलासखानी बाहेर.

आता हेच कानाने पाहू. तोडी आणि भैरवी हे दोन थाट शेजारी ठेवले तर सातांपैकी पाच स्वर दोन्हींत अगदी एकच आहेत : सा, कोमल रे, कोमल ग, पंचम आणि कोमल ध. फरक फक्त मध्यमाचा आणि निषादाचा. बिलासखानीचा आरोह कसा आहे? सा रे ग प ध सां. चढताना मध्यमही नाही आणि निषादही नाही. ज्या दोन स्वरांवरून थाट ठरायचा, नेमके तेच दोन स्वर हा राग चढताना टाळतो. हे पाच स्वर म्हणजे भूपाल तोडीचाही सांगाडा. गायक मंद्र धैवतावरून षड्जावर येतो, तिथून रिषभ-गंधाराशी खेळायला लागतो आणि ‘रे ग, रे ग रे सा’ म्हणतो, तेव्हा समोरच्या जाणत्या श्रोत्याला तोडी ओळखू आलेली असते. तो गंधार तोडीतल्यासारखाच उतरता, रिषभाला टेकून राहणारा असतो. शुद्ध मध्यम अजून लागलेलाही नसतो. म्हणजे आपल्या उत्तरसूचीचा पुरावा अजून सभागृहात पोचलेला नसतो, आणि निकाल मात्र लागून गेलेला असतो.

मध्यम आणि कोमल निषाद येतात ते उतरताना, आणि तेही भैरवीच्या वाटेने येत नाहीत. वरच्या रिषभावरून निषाद, धैवत, मग पंचम ओलांडून थेट मध्यम, आणि पुन्हा ‘ग रे, ग रे सा’ अशी त्यांची वाट आहे. भैरवीत ‘ग म प’ सरळ चढता येतं, पंचमावर निवांत थांबता येतं, मध्यमाशी लडिवाळपणा करता येतो. बिलासखानीत एकदा जरी ‘ग म प’ असं सरळ गेलं तरी राग हातातून सुटतो. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांची ठरलेली चूक हीच, आणि ती कुठून येते हे मला पक्कं माहीत आहे. ज्या मुलाने आधी पुस्तक उघडून ‘थाट : भैरवी’ वाचलेलं असतं ते हमखास मध्यमावरून चढतं. ज्याने आधी तोडी घोटलेली असते आणि थाटाचं नाव ज्याच्या कानावर पडलेलं नसतं, ते आपोआप मध्यम टाळतं. दरवर्षी मी हा अनुभव घेते.

मुलतानीची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. स्वर तोडीचे आहेत, पण तोडी कुठेच नाही. मुलतानी मंद्र निषादावरून उठते, षड्जावरून रिषभाला न शिवता गंधारावर जाते, तीव्र मध्यमातून पंचम गाठते आणि तिथे ठामपणे उभी राहते. चढताना रिषभ आणि धैवत वर्ज्य, उतरताना सातही स्वर. तोडीचा जीव ज्या ‘रे ग रे सा’मध्ये आहे ती जागा मुलतानीने घेतली तर राग बिघडलाच म्हणायचा. तिचा गंधारसुद्धा तोडीच्या गंधारापेक्षा जरा चढा ठेवायला शिकवतात, तीव्र मध्यमाचा कण घेऊन. मियाँ की तोडी, गुर्जरी आणि बिलासखानी या सकाळच्या रागांच्या रांगेत ही दुपारनंतरची रागिणी बसतच नाही. माझ्या विद्यार्थिनीने चारही राग मनातल्या मनात गाऊन पाहिले आणि उत्तर लिहिलं. तिला शून्य देणाऱ्या सूचीने चारांपैकी एकही राग गाऊन पाहिलेला नाही.

माझी पहिली तक्रार हीच आहे. थाट ही सप्तकातल्या स्वरांची यादी आहे. त्या यादीवरून आपण नातं ठरवता आहात. नातं यादीत नसतं. ते चलनात असतं, म्हणजे स्वर कुठून येतो, कुठे थांबतो, कुणाला ओलांडतो, कुणाच्या आधाराने डोलतो यात. दहा थाटांच्या पद्धतीत थाटाची व्याख्याच अशी केलेली आहे की त्याला सात स्वर हवेत, ते क्रमाने हवेत, आणि त्यात रंजकता असण्याची गरज नाही. थाट गायला जात नाही हे आपणच पहिल्या वर्षाच्या मुलांना पाठ करायला लावता. मग जे गायलंच जात नाही त्याच्यावरून गायल्या जाणाऱ्या गोष्टीचं कूळ कसं सांगायचं?

मुलतानीचं नाव निघालं आहे तर तिची खरी भावंडं कोण तेही सांगते, कारण माझी दुसरी तक्रार तिथे आहे.

भीमपलास, पटदीप, मधुवंती आणि मुलतानी हे चार राग एकामागून एक गाऊन पाहा. चौघांचा उठाव एकच : मंद्र नी, सा, ग, म, प, नी, सां. चढताना रिषभ-धैवत वर्ज्य, उतरताना संपूर्ण. चौघांत पंचम किंवा मध्यमावर भर, चौघांत गंधार कोमल, चौघेही दुपार कलल्यावरचे. भीमपलासात गंधार-निषाद कोमल. निषाद शुद्ध केला की पटदीप. पटदीपाचा मध्यम तीव्र केला की मधुवंती. मधुवंतीचे रिषभ-धैवत कोमल केले की मुलतानी. एकाच घराच्या या चार खोल्या आहेत. एकीतून दुसरीत जायला एखादा स्वर बदलावा लागतो, पण चाल तीच राहते. मी हे चार राग याच क्रमाने शिकवते, आणि मुलं दुसऱ्या रागापासूनच पुढचा उठाव स्वतः ओळखायला लागतात.

थाटाच्या तक्त्यात या घराची काय अवस्था आहे? भीमपलास काफी थाटात. ते ठीक, स्वर जुळतात. पटदीपही काफी थाटात, पण काफीचा निषाद कोमल आणि पटदीपाचा शुद्ध, म्हणजे स्वर जुळत नाहीत. दहा थाटांपैकी कोमल गंधार आणि शुद्ध निषाद एकत्र असलेला थाट एकच आहे, तोडी, आणि त्यात रे, ध कोमल नि म तीव्र असल्याने पटदीप तिथेही मावत नाही. मधुवंती तोडी थाटात लिहायची असते. तोडीचे रिषभ आणि धैवत कोमल, मधुवंतीचे दोन्ही शुद्ध. सातांतले दोन स्वर चुकलेले असताना तो थाट ‘बरोबर’ कसा? आणि मुलतानी तोडी थाटात, जिथे स्वर सगळे जुळतात पण नातं जुळत नाही. चार भावंडांपैकी दोन काफीत, दोन तोडीत, आणि त्यातलेही दोघे खोट्या पत्त्यावर.

मुलं मला विचारतात, ‘मधुवंतीत रे शुद्ध आहे ना, मग थाट तोडी कसा?’ प्रश्न अगदी सरळ आहे. त्याला माझ्याकडे दोनच उत्तरं आहेत. एक म्हणजे ‘परीक्षेत असंच लिहायचं.’ दुसरं म्हणजे खरं उत्तर : हा राग दहांपैकी कुठल्याच थाटात बसत नाही. खरं उत्तर लिहिलं की आपल्याकडे गुण जातात. ज्या शिक्षणात मूल बरोबर शंका विचारतं आणि शिक्षकाला ते जाणूनबुजून चुकीचं लिहायला सांगावं लागतं, तिथे काहीतरी दुरुस्त करायला हवं आहे एवढं तरी आपण मान्य कराल.

असे राग थोडे नाहीत. अहिर भैरवात रिषभ कोमल आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, असा थाट दहांत नाही. पूर्वांगात भैरव आहे म्हणून त्याला भैरव थाटात टाकलं जातं. चारुकेशीत गंधार शुद्ध आणि धैवत-निषाद कोमल, तोही थाट नाही. किरवाणीलाही जागा नाही. यातली चारुकेशी आणि किरवाणी कर्नाटक संगीतातून आल्या, तिथे त्यांना स्वतःची मेळं आहेत. इकडे आल्यावर त्या बेघर झाल्या, तरी मैफलीत त्या रोज गायल्या-वाजवल्या जातात.

आता कुणी म्हणेल की मी भातखंड्यांवर टीका करते आहे. तसं मुळीच नाही, आणि हा गैरसमज राहू नये म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्यासमोर जो पसारा होता त्याची आज आपल्याला कल्पनाही येणार नाही. राग-रागिणींची पुत्र-भार्या अशी जुनी कुटुंबं ग्रंथांत होती, पण त्यांचा गायल्या जाणाऱ्या रागांच्या स्वरांशी ताळमेळ उरला नव्हता. घराण्यागणिक रागांची रूपं वेगळी आणि बंदिशी बंद पेटीत. दक्षिणेत सतराव्या शतकात व्यंकटमखीने बहात्तर मेळांची पद्धत मांडली होती. भातखंड्यांनी ती पाहिली, पण डोळे मिटून उचलली नाही. षड्ज-पंचम अचल धरले आणि रे, ग, म, ध, नी यांची प्रत्येकी दोन रूपं घेतली, तर गणिताने बत्तीस थाट होतात. त्या बत्तिसांपैकी त्यांनी दहाच निवडले, कारण त्यांच्या काळात प्रचारात असलेले बहुतेक राग त्या दहांच्या आधाराने लावता येत होते. ग्रंथालयात पुस्तकं लावायला कपाटं लागतात, तशी ही दहा कपाटं. हे व्यवहारज्ञान होतं आणि त्याने फार मोठं काम झालं.

पण खुद्द त्या माणसाने निर्णय घेताना कानाची साथ कधी सोडली नाही, हे त्यांच्याच वर्गीकरणात दिसतं. भूप आणि देशकार घ्या. दोघांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, सगळे शुद्ध. मध्यम आणि निषाद दोघांतही नाहीत. आता निव्वळ यादीने पाहिलं तर हे पाच स्वर बिलावलमध्ये बसतात, कल्याणमध्ये बसतात आणि खमाजमध्येही बसतात, कारण या तीन थाटांत फरक आहे तो मध्यमाचा नाहीतर निषादाचा, आणि नेमके तेच इथे वर्ज्य आहेत. यादीला विचारलं तर ती तीन उत्तरं देते. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. तीव्र मध्यम नसलेला राग कल्याणात कशावरून? तर संध्याकाळी गायला जाणारा, गंधारावर विसावणारा, पूर्वांगात फुलणारा भूप कल्याणाच्या अंगाने चालतो म्हणून. आणि सकाळचा, धैवतावर उभा राहणारा, तार षड्जाकडे ओढ असलेला देशकार बिलावलाच्या अंगाने चालतो म्हणून. निर्णय अचूक आहे. पण तो थाटाने झालेला नाही. आधी अंग ऐकलं गेलं आणि मग कपाटावर चिठ्ठी लागली.

हिंडोलाचंही तसंच. रिषभ नसल्याने तो कल्याणातही बसतो आणि मारव्यातही. मालकंसात रिषभ-पंचम नाहीत, म्हणून तो भैरवीतही जातो आणि आसावरीतही. पाच स्वरांच्या रागांना ‘थाट कोणता’ हा प्रश्न विचारणं म्हणजे न लागणाऱ्या स्वराबद्दल मत विचारणं आहे.

काफी थाटात इतके भिन्न प्रकृतीचे राग एकत्र आले की भातखंड्यांनी स्वतःच त्यांची काफी, धनाश्री, कानडा, सारंग आणि मल्हार अशी अंगं पाडली. म्हणजे कपाट पुरत नाही हे त्यांना दिसत होतं आणि आत कप्पे करताना त्यांनी वापरलं ते अंगच. मी वर सांगितलेली भीमपलास-पटदीपाची चाल त्यातल्या धनाश्री अंगाची. कानड्याचं तर विचारूच नका. दरबारी आणि अडाणा धैवत कोमल म्हणून आसावरी थाटात, नायकी, सुहा, सुघराई काफी थाटात. पण ‘ग म रे सा’ हे कानड्याचं वळण कानावर पडलं की कुठल्याही श्रोत्याला हे एकाच कुळातले वाटतात, आणि गायकही त्यांना कानड्याचे प्रकार म्हणूनच शिकतो. मी गुरुजींकडे नायकी शिकले तेव्हा त्यांनी आधी दरबारी पुन्हा गाऊन घेतला होता. बागेश्री नव्हे, भीमपलास नव्हे.

पुढे पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी याच धाग्यावरून रागांग पद्धत मांडली आणि तीस रागांगं सांगितली. त्यांच्यात तोडी हे एक अंग आहे आणि बिलासखानी त्या अंगात सुखाने राहते. तिला तिथून काढायची गरज कुणालाच पडत नाही. रागांग पद्धतीलाही मर्यादा आहेत. दोन अंगांच्या मिश्रणातून झालेले राग कुठे ठेवायचे यावर मतभेद होतात, आणि अंग म्हणजे नेमकं काय हे लिहून दाखवणं यादी लिहिण्याइतकं सोपं नाही. पण तो वाद निदान गाण्याबद्दलचा वाद असतो. आपल्या अभ्यासक्रमात मात्र खऱ्यांची पद्धत वरच्या परीक्षेत एका टिपेपुरती येते. मूल तोवर सहा-सात वर्षं थाट घोकून बसलेलं असतं.

एक छोटी गोष्ट राहिली. ज्या रागांची नावं थाटांना दिली ते आश्रय रागसुद्धा आपापल्या थाटात पूर्ण मावत नाहीत. मारवा थाटात पंचम आहे, मारवा रागात पंचम वर्ज्य. पूर्वी थाटात एकटा तीव्र मध्यम, पूर्वी राग दोन्ही मध्यमांशिवाय ओळखूच येत नाही. खमाज थाटाचा निषाद कोमल, खमाज राग चढताना शुद्ध निषाद घेतो. बिलावल थाट सगळा शुद्ध, पण मैफलीत बिलावल म्हणून ऐकू येतो तो बहुधा अल्हैया, आणि त्यात उतरताना कोमल निषाद हवाच. हे दोष म्हणून नाही सांगत. कपाटाचं नाव आणि आतली वस्तू यांत अंतर असणारच, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं, म्हणजे ती कपाटालाच वस्तू समजणार नाहीत.

आपली अडचण मला कळते. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, परीक्षक वेगवेगळ्या घराण्यांचे असतात, आणि थाटाचं उत्तर एका शब्दात तपासता येतं. अंग विचारलं तर परीक्षकागणिक मत बदलेल ही भीती खरी आहे. पण सोयीसाठी विचारलेला प्रश्न सोयीपुरताच ठेवावा. ‘या रागात कोणते स्वर लागतात’ हे विचारा, त्याचंही उत्तर नेमकं असतं आणि ते खरंही असतं. ‘हा राग कुणाच्या जवळचा’ हे विचारायचं असेल तर थाट हे त्याचं उत्तर नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

त्या प्रश्नाची उत्तरसूची दुरुस्त करावी. ‘मुलतानी’ हे उत्तर ग्राह्य धरून ज्यांनी ते लिहिलं त्या सर्वांना गुण द्यावेत. ‘बिलासखानी’ लिहिणाऱ्यांचे गुण काढू नयेत, कारण त्यांनी आपण शिकवलं तेच लिहिलं. यापुढे गट पाडायचा, जोड्या लावायच्या, समप्रकृतिक राग सांगायचे असे प्रश्न थाटाच्या आधारावर काढू नयेत.

जे राग दहा थाटांत बसत नाहीत त्यांच्यासाठी ‘दहा थाटांत बसत नाही, स्वर असे आहेत’ हे उत्तर पूर्ण गुणांचं मानावं. मधुवंती, पटदीप, अहिर भैरव, चारुकेशी आणि किरवाणी यांची तशी नोंद अभ्यासक्रमाच्या पुस्तकातच करावी. पाच स्वरांच्या रागांपुढे थाट लिहिताना तो कोणत्या अंगामुळे मानला आहे हेही तिथेच छापावं.

तोंडी परीक्षेत माहितीची सुरुवात थाटाने करायची ही नवी सूचना मागे घ्यावी. विद्यार्थ्याने आधी रागाचा उठाव आणि मुख्य अंग गाऊन दाखवावं, मग न्यासाच्या जागा आणि जवळच्या रागापासून तो कुठे वेगळा होतो ते सांगावं. थाट शेवटी विचारला तरी चालेल.

वस्तुनिष्ठ प्रश्न वाढवायचेच असतील तर त्यातले काही ऐकून उत्तर देण्याचे ठेवा. अर्ध्या मिनिटाचा आलाप ऐकवा आणि त्यातलं अंग ओळखायला सांगा. ‘रे ग, रे ग रे सा’ ऐकून तोडी म्हणणाऱ्या मुलाला गुण देताना दोन परीक्षकांत मतभेद होणार नाही.

आणि रागांग पद्धत पहिल्या दोन-तीन वर्षांतच आणा, थाटाच्या जोडीने. आठ-दहा अंगं पुरेत : कल्याण, बिलावल, भैरव, तोडी, सारंग, कानडा, मल्हार, धनाश्री. सुरुवातीच्या वर्गातली मुलं ती सहज उचलतात, कारण ती गायला येतात.

माझी ती विद्यार्थिनी पुढच्या सत्रात पुन्हा परीक्षेला बसणार आहे. अभ्यासक्रमात मधुवंती आहे. परवा रियाज संपल्यावर तिने विचारलं, ‘बाई, या वेळी थाट काय लिहू?’ परीक्षेचे अर्ज भरायच्या आत आपलं लेखी उत्तर आलं, तर तिला ते दाखवता येईल.

आपली,
एक गायनशिक्षिका